तिकडील बाकी कळवावी

'बाकी' हा शब्द कुणी सहज उच्चारलेला त्यांना खपत नसे. एखादं नवं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढता चढता म्हणायचं, "बाकी काय शेटजी, बरं आहे ना?" की त्यांचा तागडीवरचा हात थांबायचा. चष्म्याच्या वरून बघत ते म्हणायचे, "बाकी वहीत असते जी. तब्येतीचं इचारायचं तर तब्येत म्हना." जुन्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. त्यांच्या दुकानात आलं की माणसं 'बाकी' टाळून बोलायची, जशी देवळात चप्पल टाळावी तशी.

अकोल्यात मोर्णेच्या पुलाकडून जुन्या शहरात शिरलं की डाव्या हाताला त्यांचं किराणा दुकान होतं. फळीवर रांगेनं डबे, पुढे गुळाची ढेप, तिच्यावर ओलं फडकं, आणि आत गादीवर ते. धाकटे भाऊ समोर तागडीशी. आम्ही पोरं त्यांना काका म्हणत असू. मोठी माणसं शेटजी म्हणत. ते मात्र माणसांना वहीतल्या पानांनी ओळखत. खतावणीत आमचं पान एकोणसाठावं होतं. मला लांबून येताना पाहिलं की ते भावाला म्हणायचे, "एकोनसाट आली. चायपत्ती काढून ठेव." मला त्याचा राग येत नसे. शाळेत हजेरीला माझा नंबर उच्चारला जायचा, त्याहून हा बरा वाटे.

माल कमी खपावा अशी खटपट करणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. पावशेर तेल मागितलं की ते विचारत, आज काय करून राहिले घरी. वांग्याची भाजी म्हटलं तर तेल पावशेर का लागतं यावर वाद घालत. पाहुणे आले असं सांगितलं तर किती, कुठले, मुक्कामी की जेवून जाणारे, हे झाल्याशिवाय तुरीची डाळ मोजत नसत. "घाटावरचे पाव्हने हायेत? मंग डाय कमी द्या. त्याइले वरन पातळ लागते." माझे वडील घाटावरचेच, साताऱ्याकडचे. ते बाकावर बसून हे ऐकत आणि हसत.

वडील हायस्कूलमध्ये मराठी शिकवत. शाळा सुटल्यावर घरी येण्याआधी त्या बाकावर तासभर बसणं हा त्यांचा नेम होता. ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि शेटजी प्रत्येक बातमीला आपला शेरा मारत. दोघांची भाषा एकमेकांना अर्धी कळे. वडील 'का' म्हणत आणि शेटजी 'कावून'. वडिलांना हा माणूस फार आवडे. घरी येऊन ते आईला त्यांचे शब्द सांगत. आई मूर्तिजापूरची. ती म्हणायची, "त्यात काय नवल, आमच्याकडं सगळेच तसं बोलतात."

उधारीचा तगादा हे नावच त्यांनी आपल्या धंद्यातून काढून टाकलं होतं. कुणाचं खातं फार लांबलं की ते त्या माणसाची वाट बघत. तो आला, आणि दुकानात दुसरं कुणी नसलं, तर गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवून हळू म्हणत, "आमची वही तुमची आठवन काढून राहिली." बस्स. आकडा नाही, तारीख नाही. माणूस गूळ तोंडात टाकून मान हलवायचा आणि आठवड्याभरात येऊन काही ना काही जमा करायचा. दुकानात तिसरा माणूस असेल तर गूळ मिळत नसे, आठवणही नाही. मग ती पुढच्या वेळेवर जायची. हे वाक्य जुन्या शहरात इतकं पसरलं होतं की एखादी बाई नवऱ्याला घरी विचारायची, "शेटजीनं गूळ तं नाही देल्ला?"

यामागची गोष्ट त्यांनी वडिलांना एका संध्याकाळी सांगितली. मी चहाची पत्ती घ्यायला गेले होते म्हणून मलाही ती ऐकायला मिळाली. त्यांचे वडील दुकानावर बसत तेव्हाची. गल्लीत एक शिंपी होता, रोज येणारा, यांच्या वडिलांचा जिवाभावाचा. त्याचं खातं वर्षभर तुंबलं होतं. एक दिवस दुकानात चार माणसं असताना शेटजींच्या वडिलांनी गादीवरून आवाज दिला, की एवढे एवढे रुपये झाले, आता कधी देतोस. शिंपी तसाच पायरी उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी रक्कम आणून गादीवर ठेवली. त्यानंतर तो त्या रस्त्यानं गेला नाही. नदीकडून वळसा घालून घरी जायचा.

"पैसे आले," शेटजी म्हणाले. "मानूस गेला. आमचे बाबा मरेपर्यंत त्या रस्त्याकडं पाहत बसले."

एका पावसाळ्यात आईला विषमज्वर झाला. वडिलांची रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. तीन महिने घरातलं सगळं सामान एकोणसाठाव्या पानावर येत राहिलं. शेटजी आमच्या घरी साबुदाणा, साखर, मोसंबी पाठवत. मोसंबी त्यांच्या दुकानात नव्हती. ती बाजारातून आणून ते आमच्या नावे लिहीत, खरेदीच्या भावानं. आई बरी झाली तेव्हा तिला माहेरी मूर्तिजापूरला नेलं आणि दिवाळीनंतर ती परत आली.

त्याच वर्षी नवे पैसे आले होते. सोळा आण्यांचा रुपया गेला, शंभर नव्या पैशांचा आला. बाजारात काही काळ दोन्ही चालत आणि सगळ्यांची तोंडं हिशेबानं वाकडी झालेली असत. शेटजींच्या दुकानात सरकारी तक्ता टांगला होता: एवढ्या आण्यांचे एवढे नवे पैसे. ते त्याच्याकडे पाठ करून बसत.

आई येईपर्यंत खर्चाचं सगळं वडिलांच्या हातात होतं, आणि वडिलांचा हिशेबाशी संबंध कवितेतल्या मात्रा मोजण्यापुरता. पगार झाला की ते बाकावर बसताना वीस-पंचवीस रुपये शेटजींकडे देत आणि शेटजी ते जमा करत. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांची अमरावतीच्या शाळेत बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ते खातं मिटवायला गेले. शेटजींनी वही काढली, अठरा रुपये काही पैसे निघाले, वडिलांनी ते दिले. शेटजींनी पानाखाली आडवी रेघ मारून 'चुकते' लिहिलं, सही केली. मग गुळाचा एक मोठा खडा कागदात बांधून माझ्या हातात दिला. वडील गमतीनं म्हणाले, "आता कसली आठवण?" शेटजी म्हणाले, "हा वहीचा नाही जी. हा माहा हाये."

अमरावतीला अंबागेटच्या आत आम्ही भाड्यानं घर घेतलं. पहिल्याच दिवाळीनंतर त्यांचं पोस्टकार्ड आलं. बोलताना वऱ्हाडी असलेला हा माणूस लिहिताना जुन्या कागदपत्रांतला होऊन जाई. वर 'श्री', मग मास्तरांना साष्टांग नमस्कार, आणि पुढे: इकडील सर्व क्षेम आहे. लक्ष्मीपूजन यथास्थित पार पडले. नव्या वह्या घातल्या. तिकडील बाकी कळवावी. लोभ असावा.

वडिलांनी ते कार्ड दोनदा वाचलं. "भला माणूस," म्हणाले. मग लाल पेन्सिल घेऊन, सवयीनं, 'कळवावी'मधल्या 'वी'खाली रेघ मारली. "वर्तमान नपुंसकलिंगी. बाकी वर्तमान कळवावे. वहीत बरोबर लिहिणारी माणसं पत्रात लिंग चुकवतात बघ." आणि रात्री बसून त्यांनी उत्तर लिहिलं, दोन्ही बाजूंनी चार पानं. नवी शाळा, घराचं भाडं, आईची तब्येत, मला इंग्रजीत मिळालेले मार्क, वलगावच्या बाजारात वांगी कशी मिळतात, सगळं. शेवटी लिहिलं: बाकी आपल्या आशीर्वादाने ठीक.

दुसऱ्या दिवाळीला पुन्हा कार्ड आलं. तेच शब्द, तीच 'वी'. वडिलांनी पुन्हा तितकंच मोठं पत्र लिहिलं. या खेपेला धाकट्या आत्याचं लग्न आणि स्वतःचा चष्म्याचा नंबरही कळवला. आईनं दोन्ही वेळा कार्ड पाहिलं नव्हतं. टपाल वडिलांच्या टेबलावर जायचं.

तिसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर अकोल्याचे एक ओळखीचे गृहस्थ कोर्टाच्या कामासाठी अमरावतीला आले आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबले. जेवताना अकोल्याच्या गोष्टी निघाल्या आणि त्यांनी सांगितलं, तुमच्या शेटजींच्या घरात मोठी तेढ आहे. दोघा भावांत. धाकट्याला दुकान रोखीवर न्यायचं आहे. तो म्हणतो, या आठवणी काढणाऱ्या वहीनं दुकान बुडणार. थोरला ऐकत नाही. मग भांडण एका पानावर येऊन अडलंय. कुणीतरी गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, त्याच्याकडे साठाच्या वर रुपये राहिले. तीन वर्षं झाली की कोर्टातही मागता येत नाहीत, आणि तीन वर्षं या लक्ष्मीपूजनाला भरतात. तोवर एकतर पैसे यावेत, नाहीतर त्या माणसानं महसुली तिकीट लावून बाकी कबूल असल्याची सही करून द्यावी. दोन्ही झालं नाही तर धाकटा वकिलाकडून नोटीस धाडणार, आणि लक्ष्मीपूजनाच्या नव्या वह्यांत उधारीची वही घालणारच नाही. थोरल्यानं ते कबूल केलंय.

"मग थोरले मागत का नाहीत?" वडिलांनी विचारलं.

"म्हणतात, मी मागितले आहेत. दोनदा. गिऱ्हाइकाचं नाव मात्र घराबाहेर सांगत नाहीत कुणाला."

वडील हळहळले. एवढ्या सज्जन माणसाला कुणी फसवावं, असं म्हणाले. पाहुणे गेले. आई उष्टं काढता काढता थांबली आणि म्हणाली, शेटजींची कार्डं कुठे आहेत ती दाखवा.

आईचे वडील मूर्तिजापूरला कापसाच्या अडतीत मुनीम होते. तिनं लहानपणी त्यांच्याजवळ बसून वह्यांना दोरा ओवला होता. तिनं दोन्ही कार्डं उजेडात धरली, वडिलांची लाल रेघ पाहिली आणि म्हणाली, "हे चुकलेले नाहीत. वर्तमान नाही विचारत ते. बाकी विचारतायत. बाकी कळवावी."

वडील कार्डं घेऊन खिडकीशी गेले. मग बसले.  "पण मी चुकतं केलं," ते म्हणाले. "त्यांनी स्वतः लिहिलं."

आईनं शांतपणे विचारलं, की माझ्या आजारातली रक्कम तुम्ही कधी दिली. वडील म्हणाले, दर महिन्याला देत होतो की. आई म्हणाली, ते दर महिन्याच्या सामानाचे झाले. वडिलांनी आठवून पाहिलं आणि त्यांना आठवेना. आपण दोन वेळा त्या माणसाला आत्याच्या लग्नाची हकिगत लिहिली, हे मात्र आठवलं.

पोस्टाच्या पुस्तकात आईचे थोडे पैसे होते. ते तिनं काढून आणले. धनत्रयोदशीला सकाळच्या गाडीनं वडील आणि मी बडनेऱ्याला गेलो आणि तिथून पॅसेंजरनं अकोल्याला. आईनं मला सोबत का पाठवलं ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, वडील दुकानाच्या अलीकडून परत फिरतील अशी तिला धास्ती होती. मूर्तिजापूर आलं, गाडी बराच वेळ थांबली.  बोरगावच्या पुढे वडील म्हणाले, "नदीकडून वळसा घालावासा वाटतो."

दुकानात दिवाळीची गर्दी होती. शेटजींनी आम्हाला पाहिलं आणि काल भेटल्यासारखं म्हणाले, "बसा जी मास्तर." धाकटे भाऊ एक क्षण थांबून पुन्हा रवा तोलू लागले. आम्ही बाकावर बसलो. वडिलांनी खिशाला हात लावला नाही. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. शेटजी एका बाईशी करंज्यांना सारण किती लागतं यावर वाद घालत होते. दुपार कलली, दुकान रिकामं झालं, आणि समोर फक्त दोघे भाऊ राहिले. तेव्हा वडील उठून गादीजवळ गेले.

"तिकडील बाकी कळवायला आलोय," ते म्हणाले. "स्त्रीलिंगी."

शेटजींनी वडिलांकडे पाहिलं, मग भावाकडे. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. तो हसरा नव्हता. पुष्कळ दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवताना माणसाचा होतो तसा होता.

त्यांनी दोन वह्या काढल्या, आण्यांची जुनी आणि पैशांची नवी, आणि आमचं पान दोन्हींत उघडलं. माल द्यायचा तो आधी रोजच्या वहीत उतरायचा आणि रात्री तिथून ज्याच्या त्याच्या पानावर जायचा: उजवीकडे नावे, डावीकडे जमा. जुन्या पानावर उजवीकडे आईचा सगळा आजार उतरलेला होता, साबुदाण्यापासून मोसंब्यांपर्यंत. खाली रेघ, आणि रेघेखाली बाकी: त्रेसष्ट रुपये, अकरा आणे, नऊ पै. नव्या वहीतलं पान दिवाळीनंतरच्या साखरेपासून सुरू झालं होतं. त्याच्या डोक्यावर, जिथे 'मागील बाकी' लिहायची असते, तिथे कोरी जागा होती.

"लक्ष्मीपूजनाले नवी वही घातली का पैले जुनी बाकी तिच्या डोक्यावर आनावी लागते," ते म्हणाले. "मंग दुसरं काही. त्या साली आन्याचे पैसे करून आनायचं होतं. ज्या पानात पै होती ते म्या उद्या करू म्हनून ठेवले. बाकीच्याइचे..." ते थांबले. आपल्याच तोंडून तो शब्द गेलेला त्यांना कळला. "दुसऱ्याइचे मंग करून घेतले. ते इथलेच होते. तुमचं राह्यलं. तुमी आले, म्या नवी वही पाह्यली, अठरा रुपये घेतले, चुकते लिवलं. वर सही केली. तुमी गेल्यावर जुनी वही उघडली तं हे बसून होतं."

"मग तसं स्पष्ट लिहायचं," वडील म्हणाले.

"कोन्या तोंडानं जी? माह्या हातचं चुकते हाये. आन् कारड तं पोस्टमन वाचते, शेजारी वाचते."

"पाकिटातून लिहायचं."

"पाकिटातून पैसे मांगतले का ते नोटीस झाली."

वहीत आमच्याच पानाशी वडिलांची दोन्ही पत्रं घडी करून ठेवलेली होती. ती दिसली तशी धाकट्यांना राहवलं नाही. ते वडिलांना म्हणाले, "मास्तर, मी दादाले म्हनलं, हा मानूस तुमाले उल्लू बनवून राहिला. पैशाचं इचारलं तं वांग्याचा भाव लिहिते."

"आन् म्या काय म्हनलं ते सांग," शेटजी म्हणाले.

धाकटे जरा ओशाळले. "म्हने, उल्लू बनवनारा चार पानं लिहीत नाही."

वडिलांनी पैसे गादीवर ठेवले. तक्ता पाहिला तर अकरा आणे नऊ पै म्हणजे त्र्याहत्तर नवे पैसे. त्रेसष्ट रुपये त्र्याहत्तर पैसे धाकट्यांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाले, "बरोबर. दादा, लिवा चुकते."

शेटजींनी पाटी ओढली. तक्त्याकडे पाठच होती. अकरा आण्यांचे पावणेएकोणसत्तर, ते म्हणाले. नऊ पैचे पावणेपाचाला थोडे कमी. दोन्ही मिळून त्र्याहत्तर आणि वर थोडं. त्या थोड्याशी ते बराच वेळ पाटीवर झटापट करत राहिले. ते अर्ध्या पैशाहून कमी निघत होतं.

"तेवढं राह्यलं," ते म्हणाले.

"सरकारनं सोडलं हाये ते," धाकटे म्हणाले. "तक्त्यात पाहा."

"सरकारनं सोडलं. म्या नाही सोडलं."

वडिलांनी लगेच एक पैसा काढला. शेटजींनी तो परत केला. पैसा घेतला तर अर्ध्याहून जास्त आपल्याकडे येतो, तो कुठं लिहू, असं म्हणाले. असं नाणं टाकसाळीत पडत नाही, त्याला ते काय करणार. त्यांनी त्रेसष्ट रुपये त्र्याहत्तर पैसे जमा केले, आणि नव्या वहीतल्या आमच्या पानाच्या डोक्यावरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: मागील बाकी, अर्ध्या पैशास कमी.

"म्हणजे खातं मिटलं नाही?" वडिलांनी विचारलं.

"मिटवलं का पान बंद. पान बंद झालं तं तुमाले कारड कायच्या नावानं टाकू?"

धाकटे भाऊ दोघांकडे बघत उभे होते. मग ते खाली वाकले आणि फळीखालून परवाच्या पूजेसाठी आणलेल्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी वर काढला. लाल कापडाच्या, दोरा नुकताच ओवलेल्या. त्यातली सगळ्यात जाड, उधारीला लागते तशी वही त्यांनी काढून थोरल्यांच्या मांडीवर ठेवली. पुन्हा ते रवा तोलायला गेले, घ्यायला कुणी नसताना.

त्या दिवशी निघताना शेटजींनी वडिलांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कुठला म्हणून वडिलांनी विचारलं नाही.

पुढे दर दिवाळीला कार्ड आलं. वडील ते उघड्यावर ठेवत, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला देत. 'वी'खाली आता रेघ नसे. उत्तर चार पानांचं सहा पानांचं झालं. अकोल्याला कुणी जाणारं असलं तर वडील मुद्दाम निरोप देत, की 'अर्ध्या पैशास कमी' अजून जमत नाही, सवड द्यावी. नव्या वहीत दर वर्षी तो आकडा शेटजी आधी डोक्यावर आणत, मग पुढचं लिहीत. हे मी पाहिलेलं नाही. पण त्यात त्यांनी पुन्हा चूक केली असेल असं मला वाटत नाही.

वडील गेले तेव्हा मी शेटजींना कोपरा फाडलेलं कार्ड लिहिलं. उत्तराचं कार्ड आलं ते माझ्या नावानं. सांत्वनाचे शब्द त्यांना येत नसत, किंवा ते त्यांनी खर्च केले नाहीत. लिहिलं होतं: मास्तरांचे खाते यंदा तुमचे नावे ओढले आहे. पान एकोणसाठच. तिकडील बाकी कळवावी. त्या रात्री मी पहिल्यांदा त्यांना पत्र लिहिलं. आईची तब्येत, कॉलेजच्या ग्रंथालयातली माझी नोकरी, वडिलांची पुस्तकं कुठे ठेवली, सगळं लिहिलं. एवढं मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. तेव्हा मला वडिलांची चार पानं कळली.

या आठवड्यात शेटजींच्या धाकट्या भावाचं कार्ड आलं. वरचा कोपरा फाडलेला होता, म्हणून दारात उभ्या उभ्याच मला कळलं. अक्षर वेगळं, घाईचं, रोखीच्या माणसाचं. दादा अमुक तिथीस गेले. त्रास झाला नाही. दुपारी वहीवर डोके टेकून झोपत, तसेच झोपले. अशा कार्डात क्षेम लिहीत नाहीत, ते त्यांनीही लिहिलं नव्हतं. खाली बरीचशी जागा मोकळी सोडली होती, आणि अगदी तळाशी, नंतर आठवल्यासारखी, एक ओळ होती.

पान एकोणसाठ नव्या वहीत आणले आहे. तिकडील बाकी कळवावी.

'वी'च होती. मी लाल पेन्सिल घेतली नाही. टेबलाशी बसले, चार कोरे कागद काढले, आणि आईला विचारलं, आज बाजारात वांगी काय भावानं मिळाली.